‘पाठ चांगला झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

बसा, बसा. मागच्या रांगेतल्यांनी पुढे यायला हरकत नाही, आज मी कुणालाही फळ्याजवळ बोलावणार नाही. पत्रिकेवर छापलेला विषय तुम्ही वाचलाच असेल: शाळेतल्या सरावाचा पहिला आठवडा संपल्यावर चिंतनात्मक नोंद कशी रचावी. रचना मी सांगणार आहेच. पण त्याआधी माझं एक जुनं गाऱ्हाणं आहे, ते ऐकून घ्या. नोंदवह्या तपासणाऱ्याला व्यासपीठ क्वचितच मिळतं, त्यामुळे आज मी सोडणार नाही.

गाऱ्हाणं एका वाक्याबद्दल आहे. ‘आज पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.’ हसताय म्हणजे लिहिलेलं आहे! हे वाक्य गणिताच्या पाठाखाली असतं, कवितेच्या पाठाखाली असतं, शेवटच्या तासाला अर्धा वर्ग पेंगत असतो त्याही पाठाखाली असतं. मी मग वही घेऊन समोर बसवते आणि विचारते, प्रतिसाद म्हणजे काय दिला? ‘मॅडम, हात वर केले.’ किती जणांनी? ‘बऱ्याच.’ त्यातल्या किती जणांचं उत्तर ऐकलंत? ‘दोघांचं.’ आणि ते दोघे काय म्हणाले? यावर जी शांतता पसरते, ती मात्र खरोखर उत्स्फूर्त असते.

दुसरी गोष्ट शाईची. सोमवार ते शनिवार सगळी पानं एकाच पेनाची, एकाच बैठकीतली, आणि शुक्रवारपासून अक्षर उताराला लागलेलं. वही शनिवारी रात्री उरकलीय, हे ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. यात मला राग शिस्तीचा येत नाही. नुकसान वेगळंच होतं. मुलांचे शब्द संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत. शनिवारी तुम्हाला आठवतं ते सोमवारच्या तासाबद्दलचं तुमचं मत, तो तास आठवत नाही. मग मतावर मत चढवून पान भरावं लागतं. म्हणून तास संपला की पाठ टाचणाच्या समासातच तीन-चार ओळी खरडून ठेवा: फळ्यावर काय लिहिलं, कुणी काय म्हटलं, कुठे अडलं. वाक्यं पूर्ण नकोत, विचारही नको. चिंतन शनिवारी केलंत तरी चालेल, पण त्याला कच्चा माल त्या त्या दिवशीचाच लागतो.

आता थोडा दोष आम्हा तपासणाऱ्यांकडेही आहे, हे या खोलीत सांगायला हरकत नाही. आम्ही तुमच्या हातात छापील चौकटी देतो. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली चिंतनाचं सहा टप्प्यांचं चक्र मांडलं: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृतियोजना. ते तुम्ही पाठ केलेलं आहे, मी परत सांगत बसत नाही. चक्रात काही वावगं नाही, वावगं आहे ते सहा सारख्या रकान्यांत. प्रत्येकात चार ओळींची जागा! मग ‘भावना’ या रकान्यात ‘सुरुवातीला भीती वाटली, नंतर आनंद झाला’ असं येतं, आणि विश्लेषणालाही नेमक्या तेवढ्याच चार ओळी मिळतात. खरं काम सगळं तिथे आहे, आणि जागा मात्र आनंदाएवढीच.

पहिल्या आठवड्याबद्दल अजून एक. तुमच्या नोंदी ‘मी’ने भरलेल्या असतात. माझा आवाज पोहोचला का, वर्ग माझं ऐकेल का, मागे बसलेल्या निरीक्षकांनी काय लिहिलं असेल. त्याची लाज वाटून घेऊ नका. फ्रान्सिस फुलर यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं की नवख्या शिक्षकाची काळजी आधी स्वतःभोवती फिरते आणि मुलं काय शिकली याकडे ती नंतर वळते. फक्त एवढं करा: त्या ‘मी’च्या गर्दीत एखाद्या मुलाचं एखादं वाक्य किंवा वहीतली एखादी ओळ शोधा. नोंद तिथून सुरू करा.

एक उदाहरण घेते, म्हणजे हवेत बोलणं नको. एका छात्राध्यापिकेने सहावीला दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवली. तिचा पहिला मसुदा असा होता: ‘दशांश अपूर्णांकांमधील लहान-मोठेपणा शिकवला. फलकावर उदाहरणे सोडवून घेतली. विद्यार्थ्यांनी अचूक उत्तरे दिली. मात्र गृहपाठात काही चुका आढळल्या. पुढील वेळी अधिक सराव घेईन.’ हे ‘अधिक सराव घेईन’ माझं दुसरं गाऱ्हाणं आहे, पण ते गिळते.

सुदैवाने तिच्या टाचणाच्या समासात खरडलेल्या ओळी होत्या. फळ्यावर तिने तीन जोड्या दिल्या होत्या: ०.७५ आणि ०.५, ०.३२ आणि ०.३, ०.९१ आणि ०.४. ‘मोठा कोणता?’ असं विचारल्यावर वर्ग एका सुरात बरोबर सांगत होता. गृहपाठात ०.६ आणि ०.४५ ही जोडी होती, आणि ३४ मुलांपैकी ११ जणांनी ०.४५ मोठा लिहिला. शेजारी कारण लिहायचं होतं. एका वहीत होतं, ‘४५ मोठे म्हणून.’

आता फळ्यावरच्या जोड्या पुन्हा बघा. तिन्हींत जास्त अंकांची संख्याच मोठी आहे! ज्या मुलाने दशांश चिन्हाकडे पाहिलंच नाही आणि सरळ ७५ व ५ यांची तुलना केली, त्याचंही उत्तर बरोबर येणार. म्हणजे ‘विद्यार्थ्यांनी अचूक उत्तरे दिली’ हे वाक्य खरं आहे, आणि त्यावरून मुलांना समजलं की नाही याचा काहीच पत्ता लागत नाही. तिच्या प्रश्नात समजलेलं मूल आणि न समजलेलं मूल वेगळं काढण्याची ताकदच नव्हती.

ती लगेच म्हणाली, ‘पण मॅडम, मुलांनी घाईत केलं असेल.’ मला हा प्रश्न फार आवडला. कारण दुसरं स्पष्टीकरण समोर आलं की पहिलं तपासून बघावं लागतं. निष्काळजीपणा असता तर चुका गृहपाठभर विखुरल्या असत्या. तिने त्या ११ वह्या परत काढल्या. ०.८ आणि ०.२ सगळ्यांचं बरोबर, तिथे दोन्हीकडे अंक सारखेच. ०.९३ आणि ०.७ बरोबर. चूक फक्त तिथे, जिथे कमी अंकांची संख्या मोठी होती. घाईने होणाऱ्या चुका अशा एकाच जागी गोळा होत नाहीत. ही मुलं एक नियम पाळत होती आणि तो मनापासून पाळत होती: पूर्ण संख्यांचा नियम, अंक जास्त तर संख्या मोठी.

मग तिला अजून एक गोष्ट आठवली. वाचताना ती स्वतः ‘शून्य पॉइंट पंच्याहत्तर’ असं वाचत होती. पंच्याहत्तर कानावर पडलं की पाच लहानच वाटणार. ‘सात दशांश, पाच शतांश’ असं वाचलं असतं तर स्थानिक किंमत निदान ऐकू तरी आली असती. आणि भावनांचा तो बिचारा रकाना इथे कामाला आला. तिने लिहिलं की निरीक्षक मागे बसले होते, बरोबर उत्तर आलं की सुटल्यासारखं वाटत होतं, त्यामुळे चुकू शकेल असं उदाहरण द्यावंसंच वाटलं नाही. भावना अशी एखाद्या निर्णयाला जोडलेली असेल तर लिहा. नुसता आनंद मला नको.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत, म्हणजे सात समजायची. पत्रिकेवरचा विषय आता पळत पळत.

आठवड्याची नोंद दीड पानाची धरा आणि तिच्यात एकच प्रसंग घ्या. सहा दिवसांची जंत्री नको, ती दैनंदिनीत आहेच. प्रसंग असा निवडा की ज्यात तुमचा अंदाज आणि घडलेलं जुळलं नाही. वर्णन साधारण पाव भाग ठेवा. त्यात आकडे, फळ्यावरचा मजकूर आणि मुलांचे शब्द जसेच्या तसे येऊ द्या. ‘चांगला’, ‘उत्स्फूर्त’, ‘सक्रिय’ अशी विशेषणं इथे लिहायचीच नाहीत. ती मतं आहेत, त्यांची पाळी पुढे आहे.

मग दोन-तीन ओळींत त्या क्षणी तुम्ही काय समजलात आणि कशावरून, ते लिहा. आपल्या छात्राध्यापिकेच्या बाबतीत: ‘वर्गाला समजलं असं मी धरलं, कारण उत्तरं एका सुरात आली.’ हे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि ते गाळलं की विश्लेषण करायला हातात काही उरत नाही.

निम्मी नोंद स्पष्टीकरणांची. किमान दोन द्या आणि कोणत्या पुराव्यावरून एक टिकतं व दुसरं पडतं ते दाखवा. पुरावा अपुरा असेल तर तसं लिहा. तिनेही लिहिलं की ११ वह्यांपैकी कारण एकाच वहीत स्पष्ट होतं. बाकीच्यांनी शेजाऱ्याचं उतरवलं असण्याची शक्यता उरते, म्हणून त्यातल्या दोघांना तोंडी विचारायचं.

त्यानंतर उमज, एका वाक्यात. ती खरी की उसनी, हे ओळखायला माझी एकच कसोटी आहे: वर्गात पाऊल न टाकता हे वाक्य लिहिता आलं असतं का? ‘प्रत्येक विद्यार्थी वेगळा असतो’ घरी बसून लिहिता येतं. ‘माझ्या तिन्ही जोड्यांत चुकीच्या नियमानेही बरोबर उत्तर येत होतं, म्हणून एका सुरातल्या उत्तरांवरून मला काहीच कळलं नाही’ हे घरी बसून लिहिता येत नाही.

शेवटी पुढची कृती, आणि इथे जपा. तिने आधी ठरवलं की आता सगळ्या जोड्या ०.६ आणि ०.४५ सारख्याच द्यायच्या. पण काही मुलांचा नियम उलटा असतो: शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून दोन अंकी संख्या नेहमी लहान. ती या जोड्या बरोबर सोडवतील आणि तुम्ही पुन्हा फसाल. म्हणून तिने पुढच्या तासासाठी तीन जोड्या लिहिल्या: ०.६ आणि ०.४५, ०.७५ आणि ०.५, ०.३ आणि ०.३०. उत्तर प्रत्येकाने आपल्या वहीत लिहायचं, एका सुरात नाही. आणि खाली एक ओळ: ‘पहिली चुकली आणि दुसरी बरोबर आली तर जुना नियम अजून आहे, पहिली बरोबर आणि दुसरी चुकली तर उलटा नियम आहे.’ कृतियोजना म्हणतात ती ही. ‘अधिक सराव’ किती घेतला तरी चुकीच्या नियमाचाच सराव होऊ शकतो.

कुणीतरी हात वर केलाय. पाठ खरोखरच चांगला झाला असेल तर काय लिहायचं? हेच सगळं. कशावरून चांगला, आणि ज्यांचं उत्तर तुम्ही ऐकलं नाही त्यांच्या वहीत काय आहे, ते बघून लिहा. आणि मुलांची खरी नावं नोंदीत घालू नका, वही बऱ्याच हातांतून फिरते. ‘कारण लिहिणारी मुलगी’ एवढं पुरतं. पुढचे वक्ते दारात उभे आहेत, मी फळा पुसून देते.