जोडीदारांची उंची आणि पुढची पिढी

नमस्कार, श्रोतेहो.

नवरा-बायकोच्या उंचीचा विषय निघाला की दोघांत उंच कोण, एवढंच आपण पाहतो. आज मी वेगळा प्रश्न घेऊन आलो आहे. उंच पुरुषाची बायको, इतर बायकांच्या मानाने, उंच असते का? बुटक्या पुरुषाची बायको इतर बायकांच्या मानाने बुटकी असते का? हे तपासायचं तर पुरुषाची उंची पुरुषांच्या सरासरीशी ताडून पाहायची आणि स्त्रीची स्त्रियांच्या सरासरीशी. मग दोघांमधला नेहमीचा बारा-चौदा सेंटिमीटरांचा फरक आड येत नाही.

आनुवंशिकतेचे इंग्रज अभ्यासक फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 साली 205 कुटुंबांतल्या उंचीच्या नोंदी मांडल्या. स्त्रियांची उंची ते 1.08 ने गुणून घेत, म्हणजे आई आणि बाप एकाच मापात येत. त्यांना नवरा-बायकोच्या उंचीत म्हणावा असा संबंध दिसला नाही. पण 1903 मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन आणि ॲलिस ली यांनी सुमारे हजार जोडप्यांची मापं घेतली, तेव्हा तो स्पष्ट दिसला. पुढच्या शंभर वर्षांतल्या अनेक अभ्यासांची बेरीज केली तर हा सहसंबंध 0.23 च्या आसपास येतो. साध्या भाषेत सांगायचं तर, एखादा पुरुष पुरुषांच्या सरासरीपेक्षा दहा सेंटिमीटर उंच असेल, तर अशा पुरुषांच्या बायका स्त्रियांच्या सरासरीपेक्षा साधारण दोन सेंटिमीटर उंच निघतात. ओढ आहे, पण सौम्य. एकेका जोडप्याकडे पाहून ती कळायची नाही.

‘नवरा उंच हवा’ हा नियमसुद्धा वाटतो तितका कडक नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत 92.5 टक्के जोडप्यांत पुरुष उंच होता. तीच माणसं चिठ्ठ्या टाकून जोडली असती, तरी जवळपास 90 टक्के जोडप्यांत पुरुषच उंच निघाला असता. पुरुष मुळातच सरासरीने उंच, त्यामुळे निवडीला फारसं काही करायला उरतच नाही.

मग साम्य येतं कुठून? वजनाच्या बाबतीत एकत्र राहून, एका ताटात जेवून नवरा-बायको सारखे होत जातात असं म्हणता येतं. उंचीला ते लागू नाही. जोडी जमण्याआधीच दोघांचीही वाढ थांबलेली असते, म्हणून उंचीचं उदाहरण अभ्यासकांना फार मोलाचं वाटतं. उरतात दोन शक्यता. एक म्हणजे माणसं खरोखरच उंची पाहून जोडीदार निवडतात. दुसरी अशी की लहानपणी सकस खाणंपिणं मिळालेल्या घरांतली मुलं आपसांत लग्नं करतात, किंवा एकाच भागातले, एकाच वंशाचे लोक एकत्र येतात आणि उंची त्यांच्याबरोबर आपोआप जुळते.

यातलं खरं काय, ते जनुकं सांगू शकतात. 2017 साली 24,662 जोडप्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका जोडीदाराच्या जनुकांवरून उंचीचा अंदाज काढला आणि तो दुसऱ्याच्या प्रत्यक्ष उंचीशी ताडून पाहिला. दोन्हींचा मेळ बसला. साम्य निव्वळ लहानपणच्या पोषणामुळे असतं, तर ते जनुकांत असं उमटलं नसतं. निदान त्या जोडप्यांत तरी निवडीचा धागा खुद्द उंचीपर्यंत जातो, असं मी त्यावरून मानतो.

आता पुढच्या पिढीकडे वळू. चार माणसं घ्या: एक उंच पुरुष, एक उंच स्त्री, एक बुटका पुरुष, एक बुटकी स्त्री. उंच म्हणजे आपल्या सरासरीहून दहा सेंटिमीटर वर, बुटकी म्हणजे दहा खाली. उंचीतल्या फरकांपैकी साधारण ऐंशी टक्के जनुकांतून येतात असं धरू. उंच-उंच आणि बुटका-बुटकी अशा जोड्या लावल्या, तर पहिल्या घरातल्या मुलांची अपेक्षित उंची सरासरीहून आठ सेंटिमीटर वर आणि दुसऱ्या घरातल्यांची आठ खाली. उलट, उंचाला बुटकी आणि बुटक्याला उंच दिली, तर दोन्ही घरांत अपेक्षा सरासरीचीच. दोन्ही रचनांत सगळ्या मुलांची मिळून सरासरी मात्र एकच राहते.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. सारखे जोडीदार जुळल्याने समाजाची उंची वाढत नाही, तिचा फैलाव वाढतो. विसाव्या शतकात दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची सुमारे वीस सेंटिमीटरनी वाढली, ती पोषण आणि आरोग्य सुधारल्यामुळे. जोड्या कशाही लावल्या तरी ते घडलं नसतं.

फैलाव किती वाढतो, याचा हिशोब संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1918 मध्येच मांडून ठेवला होता. समजा, जोड्या पूर्णपणे योगायोगाने जुळत असत्या तर उंचीचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून माणसं साधारण किती दूर पसरतात त्याचं माप, सहा सेंटिमीटर असतं. 0.23 ची सौम्य ओढ पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली, तर ते साडेसहापर्यंत जाऊन स्थिरावतं. अर्धा सेंटिमीटर म्हणजे क्षुल्लक वाटेल, पण टोकांकडे पाहा. सरासरीहून बारा सेंटिमीटर किंवा त्याहून उंच असलेली माणसं आधी हजारात तेवीस असती, आता बत्तीसच्या आसपास होतात. खालच्या टोकालाही तेच.

एका घरातल्या भावंडांमधला फरक मात्र यामुळे वाढत नाही. या हिशोबात सख्खे भाऊ आपल्या घरच्या अपेक्षेभोवती जवळपास पावणेपाच सेंटिमीटरच्या विचलनाने पसरतात. उंच आईबापांचा एक मुलगा ताडमाड आणि दुसरा जेमतेम सरासरीचा निघाला, तर त्यात आश्चर्य करण्यासारखं काही नाही. फैलाव वाढतो तो एका घराच्या आणि दुसऱ्या घराच्या मध्ये.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो या निवडीचा गुणसूत्रांवर उमटलेला ठसा. आपली जनुकं क्रमांक दिलेल्या वेगवेगळ्या गुणसूत्रांवर वाटलेली असतात आणि प्रत्येक गुणसूत्र मुलाकडे स्वतंत्रपणे जातं. योगायोगाने जोड्या जुळत असत्या, तर एखाद्याच्या विषम क्रमांकाच्या गुणसूत्रांवर उंची वाढवणारी किती जनुकरूपं, म्हणजे एकाच जनुकाचे वेगवेगळे प्रकार, आहेत, यावरून सम क्रमांकाच्या गुणसूत्रांबद्दल काहीच कळलं नसतं. पण उंच आई आणि उंच बाप एकत्र आले, की आईकडून एका गुणसूत्रावर आणि बापाकडून दुसऱ्यावर अशी दोन्हीकडून उंचीची जनुकरूपं एकाच मुलात येतात. 2018 मध्ये लोइक येंगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो लोकांच्या माहितीत नेमकं हेच शोधलं, आणि विषम-सम गुणसूत्रांमधला तो संबंध सापडला. वंशाच्या सरमिसळीमुळेही असा संबंध दिसू शकतो, म्हणून तो भाग हिशोबातून वेगळा काढावा लागतो. त्यांनी तो काढला, तरी ठसा उरला. माणसाचा जोडीदार किंवा आईबाप कोण हे न विचारता, फक्त त्याच्या जनुकांवरून आधीच्या पिढ्यांच्या निवडीची खूण मिळाली.

हा ठसा कायमचा नसतो. उद्या सगळ्यांनी उंचीकडे न पाहता जोडीदार निवडले, तर वेगवेगळ्या गुणसूत्रांमधला हा संबंध दर पिढीत निम्मा होत जाईल, आणि चार-पाच पिढ्यांनी त्यातलं जेमतेम काही उरेल. वाढलेला फैलावही त्याच्यासोबत ओसरेल. उंचीची जनुकरूपं समाजात जितकी होती तितकीच राहतील, फक्त पुन्हा घरोघरी विखुरलेली.

नमस्कार.