एका डोक्याला सत्तर लिटर

(पडद्यावर: सलूनमधलं केस धुण्याचं बॅकवॉश बेसिन, चालू शॉवर, खाली बादली. कोपऱ्यात स्टॉपवॉच.)

दहा लिटरची बादली आहे. कडेला आतून मार्करनं रेघ मारलेली. शॉवर पूर्ण सोडलाय, जसा रोज सोडतात तसाच. पाणी रेघेला टेकलं तेव्हा घड्याळात साठ सेकंद झाले होते. म्हणजे या बेसिनवरून मिनिटाला दहा लिटर पाणी जातं.

या सलूनच्या काचेवर तीन वर्षं हिरव्या पानाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘पर्यावरणस्नेही सलून’. मालकीण ताईंनी ते मनापासून लावलं होतं. कागदी कप आणले होते, कापडी पिशव्या ठेवल्या होत्या. मग एक दिवस केस धुऊन उठलेल्या एका बाईंनी सहज विचारलं, “पर्यावरणस्नेही म्हणजे नक्की काय करता तुम्ही?” ताईंना कपाच्या पुढे उत्तर सुचेना. ही बादली त्या प्रश्नानंतर आली.

(पडद्यावर: हेअरवॉश, वरून. फेस, बोटं, वाहतं पाणी.)

नुसती धार मोजून भागत नाही. पाणी किती वेळ चालू राहतं, तेही पाहावं लागतं. बेसिनशेजारी एक वही टांगली. जी मुलगी केस धुते तिनं स्टॉपवॉचला हात लावायचा नाही, ते दुसरीनं सांभाळायचं. पहिल्या दोन दिवसांचे आकडे ताईंनी खोडून टाकले. आपल्याला कोणीतरी मोजतंय हे कळलं की हात आपोआप भरभर चालतो, आणि तो आकडा रोजचा नसतो. तिसऱ्या दिवसापासून वीस हेअरवॉश नोंदवले, लांब केसांचे, आखूड केसांचे, जसे आले तसे.

सरासरी निघाली सात मिनिटं. सात गुणिले दहा. एका डोक्याला सत्तर लिटर.

आता हीच सात मिनिटं सावकाश बघू.

पहिलं मिनिट पाणी कोमट होण्याची वाट बघण्यात जातं. गीझर मागच्या खोलीत आहे आणि पाइप साधारण बारा मीटर. अर्ध्या इंची पाइपच्या एवढ्या लांबीत दोन लिटर गार पाणी बसतं. ते निघाल्याशिवाय गरम पाणी पोचतच नाही. पण दोन लिटरला बारा सेकंद पुरतात. उरलेला वेळ कशात जातो? हात बघा. डावा नळ थोडा, उजवा थोडा, मनगटावर पाणी, पुन्हा डावा. प्रत्येक गिऱ्हाइकाला हे नव्यानं.

दुसऱ्या मिनिटात केस भिजतात. तिसरं आणि चौथं मिनिट शॅम्पू चोळण्याचं. आणि इथे शॉवर कुठे आहे? बेसिनच्या कडेला पालथा पडलाय, आणि चालू आहे. दोन मिनिटं, वीस लिटर, एकाही केसाला न लागता. उरलेली तीन मिनिटं फेस आणि कंडिशनर काढण्याची. ते पाणी गरजेचं आहे.

(पडद्यावर: शॉवर उघडताना. आत बसणारी चकती, तळहातावर.)

ही छोटी चकती म्हणजे फ्लो रेग्युलेटर. पाण्याचा दाब कमी-जास्त झाला तरी ती ठरावीक धारेपेक्षा जास्त पाणी सोडत नाही. ही मिनिटाला सहा लिटरची. ती बसवून बादली पुन्हा लावली, तर रेघेपर्यंत पोचायला शंभर सेकंद लागले. हिशोब जुळला.

दहाचे सहा झाले, म्हणजे चाळीस टक्के बचत. फलकावर लिहायला आकडा तयार, आणि पुष्कळ ठिकाणी गोष्ट इथेच थांबते. पण वही पुढे चालू होती. धार बारीक झाली तसं धुणं लांबलं. गरम पाणी पोचायला जास्त वेळ लागला, दाट केसांतला फेस लवकर निघेना. “ताई, हात दुखतो, फेस संपतच नाही,” असं एक मुलगी म्हणतेय ते तुम्ही ऐकलंत. पुढच्या वीस धुण्यांची सरासरी आली साडेआठ मिनिटं. साडेआठ गुणिले सहा, एक्कावन्न लिटर. सत्तरावरून एक्कावन्न म्हणजे सत्तावीस टक्के. चकतीच्या हिशोबातलं चाळीस आणि बेसिनवरचं सत्तावीस यांतला फरक वही नसती तर कधी दिसलाच नसता.

एक गोष्ट मात्र चकती विकत घेण्याआधीच बघायला हवी. टाकी नसलेला, पाणी वाहू लागलं की पेटणारा गीझर असेल, तर त्याला पेटायला किमान धार लागते. धार त्याखाली गेली की गीझर पेटत नाही, किंवा मध्येच विझतो आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर एकदम गार पाणी येतं. ती किमान धार गीझरच्या माहितीपत्रकात दिलेली असते. इथे टाकीचा गीझर आहे, म्हणून निभावलं.

(पडद्यावर: नेलपॉलिशची बाटली. मिक्सर नळाच्या दांडीशेजारी लाल ठिपका.)

पुढचे दोन बदल जवळपास फुकटात झाले. दोन नळ काढून मागे पडून असलेला एका दांडीचा मिक्सर बसवला, आणि दांडी जिथे आली की पाणी बरोबर कोमट येतं तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. आता दांडी थेट ठिपक्यावर येते. तरी मनगटावर पाणी बघायचंच, ते सोडलेलं नाही. वाट बघणं दीड मिनिटावरून एका मिनिटावर आलं. दुसरा बदल शॉवरच्या मुठीवरचा खटका. अंगठ्यानं दाबला की पाणी बंद. चोळताना दाबायचा, धुताना सोडायचा. सांगायला सोपं, पण सवय लागायला तीन आठवडे गेले. या शॉटमध्ये दिसतंय बघा, अंगठा खटका शोधतोय आणि सापडत नाहीये.

साडेआठातून वाट बघण्याचं अर्धं मिनिट आणि चोळण्याची दोन मिनिटं वजा केली की सहा मिनिटं उरतात. पुन्हा वीस धुणी मोजली, वहीतली सरासरीही तीच आली. सहा गुणिले सहा, छत्तीस लिटर.

फेस आणि कंडिशनर काढायच्या पाण्याला कोणी हात लावला नाही. कलर किंवा ब्लीच धुताना तर नाहीच. टाळूवर रसायन राहिलं तर खाज सुटते, जळजळ होते. केसांतून उतरणारं पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायचं, मग मिनिटं कितीही होवोत. कलरचे वॉश म्हणूनच या सरासरीत धरलेले नाहीत.

सुरुवातीचं गार पाणी आता बादलीत जातं आणि त्यानं फरशी पुसली जाते. ताईंनी ते बचतीत मांडलं नाही, कारण बेसिनच्या नळातून ते आलंच आहे. वीजही थोडी वाचते. तीस लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतं.

(पडद्यावर: वजनकाटा. त्यावर पंपाच्या दहा रिकाम्या बाटल्या, मग एक रिकामा कॅन.)

शॅम्पू आधी अर्ध्या लिटरच्या बाटल्यांतून यायचा, आता पाच लिटरच्या कॅनमधून येतो. दहा बाटल्या पंपासकट काट्यावर ठेवल्या, ४८० ग्रॅम भरल्या. कॅन भरला २१० ग्रॅम. प्लास्टिक निम्म्याहून कमी झालं, पण संपलं नाही. म्हणून ‘प्लास्टिकमुक्त’ हा शब्द इथे चालणार नाही. मोठी बचत पंपांची आहे. पंपात दोन-तीन जातींचं प्लास्टिक असतं, आत बहुतेक वेळा धातूची स्प्रिंगही असते. तो सुटा केल्याशिवाय पुनर्वापराच्या कामाचा नसतो, आणि सुटा करत बसायला कोणाला वेळ नसतो.

कॅनमधून भरताना एक चूक सर्रास होते. बाटलीत थोडा शॅम्पू शिल्लक असतानाच वरून नवा ओततात. काही जण पुरवठ्याला यावा म्हणून पाणीही घालतात. पाण्यानं शॅम्पू टिकवणारं परिरक्षक पातळ होतं, आणि ओलसर, कधीच पूर्ण रिकाम्या न होणाऱ्या बाटलीत जिवाणू वाढायला लागतात. शॅम्पू नेहमीपेक्षा पातळ झाला, रंग बदलला, आंबूस वास आला, तर ती बाटली फेकायचीच. इथे बाटली पूर्ण रिकामी होते, धुतली जाते, आणि हे पाहा, जाळीवर उलटी ठेवून रात्रभर वाळते. पंपही वेगळा. भरल्यावर चिकटपट्टीवर कॅनचा बॅच नंबर आणि मुदत लिहायची. उद्या कोणाला पुरळ उठलं तर कुठल्या मालाचं ते सांगता आलं पाहिजे.

(पडद्यावर: काचेवरचं हिरवं पान. पाण्याचा फवारा, पातं, खरवडणं.)

आता हे पान.

पर्यावरणाबद्दल उत्पादक स्वतः जे दावे करतात त्यांच्यासाठी आयएसओ १४०२१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ‘पर्यावरणस्नेही’, ‘हरित’ यांसारखे मोघम शब्द वापरू नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुलना करायची तर कशाशी, तेही सांगावं लागतं. ‘ग्रीनवॉशिंग’, म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली नुसता दिखावा, हा शब्द आला त्याचंही कारण सलूनमध्ये रोज हाताळली जाणारी वस्तूच होती, टॉवेल. १९८६ साली जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्यानं हॉटेलांतल्या त्या कार्डांवर लिहिलं, ज्यांवर पृथ्वी वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा, अशी विनंती असते. वाचत होता तो हॉटेलचा धुण्याचा खर्च.

पान निघालं. नवा मजकूर ठरवायला ताईंना चार कागद लागले. पहिल्या कागदावर होतं, ‘आम्ही निम्मं पाणी वाचवतो’. कोणाचं निम्मं? सलूनचं? तसं म्हणता येत नाही. एका धुण्याला पाणी कमी लागतंय, पण गिऱ्हाइकं वाढली तर महिन्याचं मीटर वरही जाऊ शकतं. शिवाय टॉवेल धुण्याचं पाणी या वहीत नाहीच. दुसऱ्या कागदावर टक्के आले आणि खोडले गेले, कारण टक्के वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, लिटर म्हटलं की बादली दिसते. तिसऱ्यावर खाली पुन्हा ‘निसर्गाचं देणं’ वगैरे ओळ आली होती, ती ताईंनीच काढली. चौथा कागद फलकावर गेला.

(पडद्यावर: फलक, ओळ लिहिली जाताना.)

‘आमच्याकडे साध्या हेअरवॉशला पूर्वी सरासरी ७० लिटर पाणी लागायचं, आता ३६ लागतं. बदलाआधी आणि बदलानंतर २०-२० वॉश मोजले. कलरचे वॉश आणि टॉवेल यात नाहीत. शॅम्पू पाच लिटरच्या कॅनमधून भरतो. त्याला आधीच्या बाटल्यांपेक्षा निम्म्याहून कमी प्लास्टिक लागतं. वही बेसिनपाशी आहे, बघायला मागा.’

‘वही बघायला मागा’ ही ओळ शेवटी आली, आणि मला विचाराल तर सबंध फलकावर सगळ्यात वजनदार तीच आहे.

(पडद्यावर: खुर्चीत बसलेली गिऱ्हाईक बाई, आरशात उलटा दिसणारा फलक. ती मान वळवून वाचते.)

“कलरचं का नाही मोजलं?”

“अजून जमलं नाही. प्रत्येकीच्या केसांना वेगळा वेळ लागतो.”

“मग माझं मोजा आज.”

(पडद्यावर: वहीचं नवं पान. वर तारीख. स्टॉपवॉच शून्यावर.)