नकाशावरचे सेंटीमीटर आणि उत्तराचा ताळा

नमस्कार श्रोतेहो.

भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. नकाशाचं प्रमाण दिलेलं असतं, दोन गावांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं आणि प्रत्यक्षातलं अंतर किलोमीटरमध्ये लिहायचं. गणित म्हणाल तर साधा गुणाकार आणि भागाकार. तरीही उत्तरपत्रिका तपासायला बसलं की मुंबई ते पुणे 12,000 किलोमीटर असं उत्तर हमखास भेटतं. खाली पट्टीनं दोन रेघाही ओढलेल्या असतात, म्हणजे उत्तर अगदी पक्कं! पृथ्वीच्या पोटातून आरपार बोगदा खणला तर तो साधारण 12,700 किलोमीटरचा होईल. आमचं पुणे जवळजवळ तितकं लांब गेलेलं असतं.

हे उत्तर चुकतं कसं आणि चुकलंय हे कळायचं कसं, एवढंच आज बोलायचं आहे. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तरी चालेल; आकडे थोडेच आहेत.

आपल्या शालेय नकाशासंग्रहात महाराष्ट्राचा नकाशा आहे आणि त्याचं प्रमाण एकास पंचवीस लाख आहे असं धरू. छापील पानावर ते 1:25,00,000 असं दिसेल. अर्थ एवढाच, की कागदावर 1 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर 25 लाख सेंटीमीटर. मुंबई आणि पुणे यांचे ठिपके पट्टीनं मोजले, 4.8 सेंटीमीटर भरले. आता 4.8 गुणिले 25 लाख, म्हणजे 1 कोटी 20 लाख. पण हे काय आहेत? सेंटीमीटर. इथवर बहुतेक मुलं बरोबर येतात, घसरतात ती पुढच्या पायरीवर.

100 सेंटीमीटरचा मीटर आणि 1000 मीटरचा किलोमीटर. म्हणजे सेंटीमीटरवरून किलोमीटरवर यायला दोनदा भागावं लागतं, आधी 100 नं, मग 1000 नं. दोन्ही मिळून पाच शून्यं. 1 कोटी 20 लाखांवरची पाच शून्यं काढली की उरतात 120. उत्तर 120 किलोमीटर. ज्यानं घाईत फक्त हजारानं भागलं त्याचे झाले 12,000. आणि ज्यानं नुसतं शंभरानं भागून, म्हणजे मीटर काढून, पुढे कि.मी. लिहून टाकलं, त्याचे झाले 1 लाख 20 हजार. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर आहे, म्हणजे हा विद्यार्थी पुण्याला पोचेपर्यंत पृथ्वीला तीन फेऱ्या मारून आला.

असली उत्तरं नुसती बघूनच पकडता येतात. त्रास देतं ते एका शून्यानं चुकलेलं उत्तर, 12 किंवा 1200. तिथे ताळा करावा लागतो.

ताळा म्हटलं की बहुतेक मुलं तेच गणित उलट्या बाजूनं करतात. 120 चे परत सेंटीमीटर केले, 25 लाखांनी भागले, 4.8 आले, जमलं. पण ज्या मुलाच्या डोक्यात एका किलोमीटरचे 10 लाख सेंटीमीटर बसलेले आहेत, तो जाताना जी चूक करेल तीच येताना करेल. त्याचं उत्तर 12 किलोमीटर येईल आणि उलट्या गणितात पुन्हा 4.8 येतील, अगदी तंतोतंत. म्हणून ताळा हवा तो वेगळ्या वाटेनं जाणारा.

त्यातली पहिली वाट मला सगळ्यात आवडते, कारण ती मोजायच्या आधीच सुरू होते. पट्टी हातात घेण्याआधी फक्त प्रमाणावरची पाच शून्यं काढा. 25,00,000 वरची पाच शून्यं काढली की राहिले 25. म्हणजे या नकाशावर 1 सेंटीमीटरला 25 किलोमीटर. हेच झालं शब्दप्रमाण, आणि ते समासात लिहून ठेवायचं. आता मोजलेलं अंतर पाच सेंटीमीटरला थोडं कमी आहे, तेव्हा उत्तर सव्वाशेच्या आत-बाहेर यायला हवं, हे गुणाकाराआधीच ठरलं. 12 आले किंवा 1200 आले तर लगेच खटकेल.

शून्यं मोजताना मात्र स्वल्पविरामांवर नजर ठेवा. 1:2,50,000 आणि 1:25,00,000 ही दोन प्रमाणं घाईत सारखीच दिसतात, पण पहिल्यात सेंटीमीटरला अडीच किलोमीटर आणि दुसऱ्यात 25. शिवाय काही नकाशांवर तीन-तीन अंकांनी स्वल्पविराम दिलेले असतात, 250,000 असे. मुलांना ते पंचवीस लाख वाटतात. स्वल्पविराम विसरून नुसती शून्यं मोजली तर फसगत होत नाही.

दुसरी वाट म्हणजे ओळखीचं अंतर. मुंबईहून पुण्याला रेल्वेनं 192 किलोमीटर पडतात. नकाशावर पट्टीनं मोजलेलं अंतर हे सरळ रेषेतलं असतं. रेल्वे कल्याण, कर्जत करत, बोरघाट चढत जाते. त्यामुळे सरळ अंतर नेहमी प्रवासाच्या अंतरापेक्षा कमीच भरणार. 120 हे 192 पेक्षा कमी आहे आणि फार लहानही नाही, तेव्हा पटण्यासारखं आहे. 1200 आले असते तर सरळ रेषेत मुंबईहून दिल्ली गाठली असती. आणि 12 किलोमीटरमध्ये गाडी सीएसएमटीहून निघून सायनच्या आसपास असते.

इथे एक हुशार श्रोता हात वर करेल. द्रुतगती मार्ग तर 94.5 किलोमीटरचाच आहे, मग सरळ रेषेतलं अंतर 120 कसं? शंका रास्त आहे. पण तो मार्ग कळंबोलीला सुरू होतो आणि किवळ्याला संपतो. अलीकडची मुंबई आणि पलीकडचं पुणे त्यात धरलेलंच नाही. ओळखीच्या अंतराशी ताडून बघताना ते अंतर नेमकं कुठून कुठपर्यंत आहे, हे आधी विचारायचं.

आता तिसरी वाट, आणि मुलांना ही बहुधा कोणी दाखवत नाही. नकाशावर अक्षांशाच्या आडव्या रेषा असतात. लगतच्या दोन अक्षांशांमधलं, म्हणजे एका अंशाचं, जमिनीवरचं अंतर सुमारे 111 किलोमीटर असतं. आपल्याकडे तर ते 110.7 च्या आसपास आहे, पण 111 धरायला हरकत नाही. तेव्हा 18 आणि 19 अंशांच्या रेषांमधलं अंतर पट्टीनं मोजा. आपल्या नकाशावर ते 4.4 सेंटीमीटर भरेल. 111 ला 4.4 नं भागलं की 25 च्या जरा वर येतात. म्हणजे छापलेलं प्रमाण न वाचता, शून्यं न मोजता, सेंटीमीटरला 25 किलोमीटर हे नकाशानंच सांगितलं. रेखांश मात्र यासाठी वापरू नका. ते ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, आणि 19 अक्षांशावर एका रेखांशाचं अंतर 105 किलोमीटरच्या आसपास उरतं.

या वाटेनं एक अशी चूक सापडते जी आधीच्या दोन्ही वाटांनी सापडत नाही. प्लास्टिकच्या पट्टीची कड आणि शून्याची खूण एका जागी नसतात, मध्ये चार-एक मिलिमीटर कोरी जागा असते. मूल कडेपासून अंतर मोजतं. शून्याची खूण चार मिलिमीटर आत असल्यामुळे वाचन 4.8 ऐवजी 4.4 येतं आणि पुणे 110 किलोमीटरवर येतं. 110 कुणाला खटकणार? रेल्वेच्या अंतराशी ताडलं तरी बरोबरच वाटेल. पण त्याच पट्टीनं, त्याच सवयीनं त्यानं अक्षांश मोजले तर 4.4 ऐवजी 4.0 येतील, 111 भागिले 4 म्हणजे जवळजवळ 28, आणि छापलेलं प्रमाण तर 25 म्हणतंय. दोन्हींचा मेळ बसत नाही म्हटल्यावर पट्टीकडे बघावं लागतं. त्यावर सोपा उपाय म्हणजे मोजणी 1 च्या खुणेपासून सुरू करायची आणि शेवटी एक वजा करायचा.

एक गोष्ट झेरॉक्सविषयी. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा एकास पन्नास हजार प्रमाणावर असतो, म्हणजे 2 सेंटीमीटरला 1 किलोमीटर. समजा त्यावर दोन वाड्या 6.4 सेंटीमीटर अंतरावर आहेत, तर प्रत्यक्षात 3.2 किलोमीटर. (इथे मुलं अंतर 2 नं भागायच्या ऐवजी 2 नं गुणतात आणि 12.8 काढतात, ते वेगळंच.) आता शिक्षकांनी हा नकाशा मोठ्या कागदावरून ए-फोर आकारात लहान करून वर्गात वाटला. ए-थ्री वरून ए-फोर करताना लांबी साधारण 71 टक्के होते. वाड्यांमधलं अंतर झालं 4.5 सेंटीमीटर, पण खाली 1:50,000 तसंच छापलेलं राहिलं. मुलानं सगळं गणित बिनचूक केलं तरी उत्तर येणार सव्वादोन किलोमीटर. चूक त्याची नाही, कागदाची आहे.

ही खोट दाखवते ती नकाशाखालची रेषाप्रमाणाची पट्टी, कारण ती नकाशाबरोबरच लहान होते. तिच्यावरचा 1 किलोमीटर मोजा. 2 सेंटीमीटर भरला तर मूळ आकार शाबूत आहे. 1.4 भरला तर छापलेलं अंकप्रमाण विसरा आणि 4.5 ला 1.4 नं भागा. परत 3.2 किलोमीटर. मोबाईलच्या पडद्यावर बोटांनी लहान-मोठा केलेला नकाशा असेल तर रेषाप्रमाणाशिवाय काही मोजूच नये.

आणि उत्तर किती बारीक लिहायचं? पट्टीवर अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होतोच. स्थलनिर्देशक नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे 25 मीटर, पण आपल्या नकाशासंग्रहातल्या महाराष्ट्रावर सव्वा किलोमीटर. शिवाय मुंबईचा ठिपका शहराच्या नेमक्या कुठल्या चौकात टेकलाय, हे त्या नकाशाला सांगता येत नाही. म्हणून कॅल्क्युलेटरवर 121.25 दिसले तरी उत्तरपत्रिकेत सुमारे 120 किलोमीटर लिहावं, आणि तपासणाऱ्यानं त्याला पूर्ण गुण द्यावेत.

नमस्कार.