एका स्कॅनचा पूर आणि बफर पूल

पोस्टग्रेस हा डेटाबेस डिस्कवरची पाने ज्या मेमरीत ठेवतो, त्या बफर पूलचा आकार मुळात १२८ एमबी असतो. एक पान ८ केबीचे, म्हणजे पुलात १६,३८४ चौकटी होतात. त्या भरल्यावर नव्या पानासाठी जुने एखादे बाहेर काढावेच लागते.

कोणते काढावे? एलआरयू धोरणाचे उत्तर सरळ आहे: ज्याला सर्वांत जास्त वेळ कोणी हात लावलेला नाही, ते. नुकतेच लागलेले पान लवकरच पुन्हा लागेल, असा त्यामागचा हिशेब असतो आणि एरवी तो बरोबरही येतो.

आता समजा, अशा एलआरयू पुलात एका अहवालासाठी एक लाख पानांचे टेबल सेकंदाला ८,००० पाने या वेगाने सलग वाचले, म्हणजेच स्कॅन केले जात आहे. यातले प्रत्येक पान वाचून होताच निरुपयोगी ठरते, पण वापराच्या क्रमाने लावलेल्या रांगेत मात्र ते सर्वांत ताजे म्हणून पुढे बसते. जेमतेम दोन सेकंदांत सगळा पूल अशा पानांनी भरून जातो. इंडेक्सचे मूळ पान क्षणोक्षणी लागत असल्यामुळे तगते. दर दहा सेकंदांनी लागणारे पान मात्र पुढची मागणी येण्याआधीच बाहेर गेलेले असते. अहवाल बारा-तेरा सेकंदांत संपतो, पण त्यानंतरही बराच वेळ साध्या क्वेरी रेंगाळतात, कारण गेलेली पाने एकेक करून परत आणावी लागतात.

क्लॉक धोरणाने हा प्रश्न सुटेल, असे वाटू शकते. त्यात रांग नसते. पान वापरले की त्याची खूण १ होते, आणि चौकटींवरून फिरणारा काटा १ दिसल्यास ती ० करून पुढे सरकतो, ० दिसल्यास ते पान काढतो. प्रत्येक वापरागणिक रांग हलवावी लागत नाही, एवढाच याचा खरा फायदा. स्कॅनची पानेही १ ही खूण घेऊनच येतात, त्यामुळे पूर थांबत नाही.

म्हणून पोस्टग्रेस खुणेऐवजी ५ पर्यंत जाणारा वापराचा आकडा ठेवतो, जो काटा दर फेरीला एकाने उतरवतो. शिवाय टेबल पुलाच्या एक चतुर्थांशाहून मोठे असेल, तर त्याच्या सलग स्कॅनला चौकटींचे एक छोटे कडे मिळते, आणि स्कॅन त्याच चौकटी पुन्हा पुन्हा वापरतो; आवृत्ती १७ पर्यंत हे कडे २५६ केबीचे, म्हणजे अवघ्या ३२ पानांचे असे.

फट उरतेच. एक चतुर्थांश म्हणजे येथे ४,०९६ पाने. ४,००० पानांच्या टेबलाला कडे मिळत नाही, आणि अशी चार टेबले पाठोपाठ वाचली तर मिळून १६,००० चौकटी मागितल्या जातात. शंका आल्यास `pg_buffercache` या एक्स्टेन्शनमध्ये पाहावे: एखाद्या टेबलाची हजारो पाने आत असून `usagecount`, म्हणजे तो वापराचा आकडा, बहुतेक ठिकाणी ० किंवा १ दिसत असेल, तर ती एकदाच वाचून तशीच पडून राहिलेली असण्याची दाट शक्यता असते.