अक्षावरचा सहावा ठिपका

(एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी निवृत्त ड्राफ्ट्समन. नोकरी लागली ती ट्रेसर म्हणून. ट्रेसर म्हणजे काय हे तरुण मंडळींना सांगावं लागेल. साहेबांनी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद पसरायचा आणि तीच रेघ शाईने ओढायची. विचार करायचा नाही. विचार करायला वेगळा माणूस होता, त्याचा पगारही वेगळा होता.

‘मक्षिकास्थाने मक्षिका’ ही गोष्ट तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ पोथीत माशी चिरडलेली, तर नकलाकाराने एक माशी मारून त्याच जागी चिकटवली. त्या नकलाकाराला आपण हसतो. मी हसत नाही, कारण मी तोच आहे. आज माझ्या माशीची गोष्ट सांगणार आहे. जाहिरातीत विषय लिहिलाय, ‘जुन्या पाठ्यपुस्तकातली आकृती नव्याने कशी काढावी’. तिकडेही येतो.

निवृत्तीनंतर एका ओळखीच्या शिक्षकांनी काम आणलं. विज्ञानाचं जुनं पुस्तक, शाळेच्या कपाटातलं, पानं पिवळी. त्यांना आकृत्या संगणकावर हव्या होत्या, अशा की मोठ्या केल्या तरी फाटू नयेत आणि गरज पडली तर नावं बदलता यावीत. त्यांनीच पानं स्कॅन करून पाठवली. पहिलीच आकृती बहिर्वक्र भिंगाची. वस्तू F1 ही नाभी आणि तिच्या दुप्पट अंतरावरचा 2F1 यांच्यामध्ये, प्रतिमा पलीकडे 2F2 च्याही पुढे, उलटी आणि मोठी. दहावी झालेल्या प्रत्येकाने ही काढलेली आहे. कशी काढली ते आता विचारत नाही, समोर काही चेहरे पडलेले दिसतायत.

मी इंकस्केप हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडला. त्यात Trace Bitmap नावाची सोय आहे. चित्र द्या, ती काळा भाग कुठे संपतो ते शोधून त्याच्या कडेने रेघ फिरवते. मी म्हटलं, वा, आयुष्यभर मी जे केलं ते हे यंत्र चार सेकंदांत करतंय. अडचण अशी, की ते खरोखरच मी जे केलं तेच करत होतं. किरणाची एक रेघ होती, तिची झाली लांबट, बारीक, दोन कडांची पट्टी. बाणाचं टोक त्या पट्टीला वितळून चिकटलं. पुढे किरण जरा वळवायचा म्हटलं तर वळवणार काय? तिथे किरणच नव्हता, शाईचा डाग होता. पण दिसायला झकास. मी नावं टाकली आणि आकृती पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी शिक्षकांचा फोन. म्हणाले, “काका, आठवीतल्या एका मुलीनं विचारलंय, अक्षावर सहा ठिपके आहेत आणि नावं पाचच. सहावा कोण?”

मी मोजले. 2F1, F1, भिंगाच्या मध्यावरचा O, F2, 2F2. पाच. आणि F2 व 2F2 यांच्यामध्ये, बरोबर मुख्य अक्षावर, एक बिननावाचा गोल ठिपका. चांगला ठसठशीत. चाळीस वर्षं रेघा ओढलेल्या माणसाने तो पाहिला, नीट गोल केला आणि पुढे गेला. माशी!

(हशा)

हसा. पण तो ठिपका आला कुठून, हे शोधायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. धूळ म्हणावी तर धूळ इतकी गोल नसते. शेवटी शिक्षकांकडून त्याच पानाची मागची बाजू मागवली. ती आडवी उलटी केली, आरशात दिसते तशी, अर्धी पारदर्शक केली आणि आकृतीवर ठेवली. मागच्या पानावर कुठल्याशा ओळीत ‘अंतर’ हा शब्द होता. त्यातला अनुस्वार बरोबर माझ्या ठिपक्यावर येऊन बसला. पातळ कागद, शाई पलीकडून दिसत होती, आणि स्कॅन काळं-पांढरं करताना ती फिकट करडी छटा एकदम काळी झाली. अक्षराची बाकीची वळणं फिकी होती म्हणून गळाली. अनुस्वार गच्च होता, तो टिकला.

यावर उपाय फार सोपा आहे, म्हणून राग येतो. स्कॅन करताना पानाच्या मागे काळा कागद ठेवायचा. स्कॅनरचं झाकण पांढरं असतं, त्यावरून उजेड परत येतो आणि मागची छपाई उजळून दिसते. काळा कागद तो उजेड गिळतो. सगळं पान थोडं गडद येतं, ते नंतर उजळता येतं. आणि स्कॅन करडं ठेवायचं, ३०० डीपीआय पुरे. काळं-पांढरं कधीच नाही. तो निर्णय आपण घ्यायचा असतो, स्कॅनरने नाही.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध. मी चिडून Trace Bitmap मध्ये Speckles नावाचं बटण शोधलं. बारीक ठिपके गाळायचं. आकडा वाढवत गेलो. सहावा ठिपका जाईना, तो अक्षाच्या रेघेला चिकटून तिचाच भाग झाला होता. तरी वाढवत राहिलो. तो हलला नाहीच, पण वर नाव होतं ‘भिंग’, त्याचं झालं ‘भिग’! खोटा अनुस्वार घालवायच्या नादात खरा अनुस्वार गेला. मराठी आकृतीत आकारावरून कचरा ठरवता येत नाही. आपला अनुस्वार म्हणजे ठिपकाच, नुक्ता म्हणजे ठिपका, दशांशचिन्ह ठिपका, नाभी ठिपका. कोण कोणाचा, हे यंत्राला कळायला त्याला भिंगही कळायला हवं आणि मराठीही.

हां, चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं. म्हणजे मुख्य विषय अजून सुरूच झालेला नाही.

तर दुसऱ्यांदा ही आकृती मी कशी काढली, ते सांगतो. स्कॅन खालच्या थरात, फिकट करून, कुलूप लावून ठेवलं. त्यावर मोजपट्टी लावली. भिंगापासून F1 डावीकडे २० मिलिमीटर, 2F1 बरोबर ४०. वस्तू ३० वर, उंची १०. छान. उजवीकडे F2 आला १९ वर, 2F2 आला ३६ वर, आणि प्रतिमेचं टोक ४९ च्या आसपास, धुरकट. आता दोन्ही बाजूंची नाभीय अंतरं सारखी हवीत. चित्रकार चुकला का? नाही. हे डावं पान होतं, उजवीकडे पुस्तकाची बांधणी. तिथे पान काचेपासून उचललं जातं आणि वळतं, त्यामुळे बांधणीकडे जावं तसा मजकूर आडवा दाबला जातो आणि धूसर होतो. चूक जर चित्रकाराची असती तर ती कुठेही असती. ही भिंगाच्या डावीकडे शून्य आणि उजवीकडे वाढत जाणारी होती. मी त्याच उंचीवरच्या छापील ओळी पाहिल्या. तिथलीही अक्षरं बांधणीकडे अरुंद होत गेली होती. मग शंका उरली नाही.

म्हणजे डावी बाजू विश्वासाची, उजवी नाही. मग उजवी आणायची कुठून? नियमातून. वस्तूच्या टोकापासून एक किरण अक्षाला समांतर जातो, भिंगात वळतो आणि F2 मधून जातो. दुसरा O मधून सरळ जातो. F2 मी २० वर ठेवला, दोन किरण ओढले, ते भेटले ६० मिलिमीटरवर, अक्षाच्या खाली २०. सूत्राने ताळा पाहा: 1/v − 1/u = 1/f. वस्तूचं अंतर u उणे ३०, नाभीय अंतर f अधिक २०, प्रतिमेचं अंतर v येतं ६०. वस्तूच्या दुप्पट अंतरावर, म्हणून प्रतिमा दुप्पट उंच. मूळ पानावर ४९ दिसत होतं ते खरं ६० होतं. यंत्राने शाई जपली असती आणि भौतिकशास्त्र मोडलं असतं.

ताळ्यासाठी मी तिसरा किरणही ओढला, F1 मधून जाऊन पुढे समांतर होणारा. तोही त्याच टोकाला येऊन टेकला. मग तो पुसला, कारण मूळ आकृतीत तो नव्हता. हा मोह फार असतो. आपल्याला येतं म्हणून घालायचं नाही. आणखी एक मोह म्हणजे किरण भिंगाच्या दोन्ही पृष्ठभागांवर वळवणं, कारण प्रत्यक्षात ते तसे वळतात. पाठ्यपुस्तकात ते मधल्या उभ्या रेघेवर एकदाच वळतात. ती चूक नाही, पातळ भिंगाचा संकेत आहे. अंतरं सगळी O पासून मोजलेली असतात, संकेत मोडला की वरचा ताळा बसत नाही.

पाच मिनिटं. बरं, बाण आणि रेघा भराभर.

रेघ दिसली की पहिलं विचारायचं, तिच्या टोकाला काय आहे. टोकाला शब्द असेल तर ती रेघ शब्दाची, किरण नव्हे. ‘मुख्य अक्ष’ या नावापासून आलेली तिरकी रेघ मी पहिल्यांदा किरणाइतकीच जाड ओढली होती, मुलांना तिसरा किरण वाटला असता. बाण तीन जातींचे: किरणाच्या मध्यावरचा प्रकाश कुठे चाललाय ते सांगतो, वस्तूच्या टोकावरचा वरची बाजू सांगतो, आणि दोन्ही टोकांना असलेला अंतर दाखवतो. स्कॅनमध्ये किरणावरचे बाण पुष्कळदा रेघेवरची गाठ बनून येतात. गाठ दिसली तर बाण घाला, पण दिशा वस्तूकडून भिंगाकडे आणि त्याच्या पलीकडे, गाठीच्या आकारावरून नको.

तुटक रेघ जास्त जपायची. वस्तू F1 च्या आत असली की प्रतिमा आभासी. तिथे किरण मागे वाढवलेले असतात, ते तुटक, कारण त्या वाटेने प्रकाश जात नाही. स्कॅनमध्ये ती सलग झाली तर आकृती खोटं बोलते. उलट छपाई उडून सलग रेघ तुटक दिसते तेही होतं. ओळखायचं असं, की तुकडे आणि मधल्या जागा सारख्या असतील तर ती मुद्दाम तुटक, वेड्यावाकड्या असतील तर शाई उडालेली. करड्या स्कॅनमध्ये उडालेल्या जागी फिकट खूण राहते, मुद्दाम सोडलेल्या जागी कोरा कागद असतो.

नावं टाइप केलेलीच ठेवा, त्यांचे आकार करून टाकू नका, नाहीतर पुढच्याला ‘नाभी’ शोधता येणार नाही आणि चूक सुधारता येणार नाही. मात्र फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तो फॉन्ट तिथे नसला तर रूप बदलतं, नाव रेघेवर चढतं, म्हणून सोबत पीडीएफ द्या.

आणि फाइलमध्येच एक छोटी टीप ठेवा. माझी अशी आहे: ‘डावी बाजू स्कॅनवरून. F2, 2F2 आणि प्रतिमा नियमावरून. किरणांवरचे दोन बाण गाठीवरून, दिशा माझी. F2 आणि 2F2 मधला ठिपका गाळला, तो मागच्या पानावरचा अनुस्वार आहे.’ ही टीप त्या आठवीतल्या मुलीला दाखवली. ती म्हणाली, “मग ‘भिंग’वरचा कुठल्या पानावरचा आहे?”

चहा आलाय म्हणतात.