शेवटच्या घराची बादली

(जुळे सोलापुरातील रहिवाशांच्या बैठकीत एका निवृत्त पाणीपुरवठा अभियंत्याने केलेले भाषण, थोडे संपादून)

मंडळी, आपल्याकडे पाण्याचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "उजनी भरलंय, मग आमच्या नळाला पाणी का नाही?" आणि उन्हाळ्यात त्याचंच दुसरं टोक, "उजनी मायनसमध्ये गेलंय, आता संपलं." दोन्ही वाक्यं रागातून येतात आणि दोन्हींमुळे चौकशी चुकीच्या दिशेला जाते.

उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. मायनस म्हणजे पातळी या मृतसाठ्यात उतरली, एवढंच. पाणी असतं, पण उपसा करणाऱ्या पंपांपासून ते लांब आणि खोल जातं, म्हणून मग दुबार पंपिंग, तिबार पंपिंग करावं लागतं. उलट धरण काठोकाठ भरलं तरी शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनी तेवढीच राहते, पाकणी आणि सोरेगावची शुद्धीकरण केंद्रं तेवढीच राहतात, टाक्याही तेवढ्याच. भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत यायला आठवडाभर तरी लागतो, आणि वाटेत ते जिरतं, उडतं, उपसलंही जातं. त्यामुळे धरणाची टक्केवारी वाचून आपल्या गल्लीचा अंदाज बांधता येत नाही.

आता तक्रारीकडे येतो. "पाणी येत नाही" या एका वाक्यात निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पाळी चुकली. पाळी आली पण उशिरा. वेळेवर आलं पण दाब नव्हता. आलं पण गढूळ होतं. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या जागी बिघडते आणि वेगळा माणूस ती दुरुस्त करतो. आपण चारही एकत्र करून चावीवाल्यावर ओरडतो. त्या बिचाऱ्याच्या हातात फक्त वॉल्व उघडायची चावी असते. टाकी किती भरली हेसुद्धा त्याला कुणीतरी फोनवर सांगितलेलं असतं.

पाळी सरकली असेल तर आधी शेजारच्या दोन-चार नगरांत विचारा. सगळ्यांचीच एक दिवस पुढे गेली असेल तर कारण वर आहे: उपसा केंद्राची वीज गेली, नाहीतर मुख्य जलवाहिनीला गळती लागली. काही तास पंप बंद राहिले की टाक्या रिकाम्या होतात आणि त्या भरेपर्यंत पुढच्या सगळ्या पाळ्या सरकत जातात. अशा वेळी गल्लीतून पन्नास फोन गेल्याने काही होत नाही. "पंप पुन्हा कधी सुरू झाले आणि आमची पाळी कधी लागेल?" एवढा एकच प्रश्न पुरतो. त्याचं उत्तर मात्र मिळालं पाहिजे.

मला आज बोलायचंय ते दाबाबद्दल, कारण तिथे आपल्या हातात बरंच आहे. एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण अशा गल्ल्या तुम्ही पाहिलेल्या आहेत. तीन दिवसाआड, म्हणजे चौथ्या दिवशी पाणी. पहाटे ४.१० ला सुटलं, ५.२० ला गेलं: ७० मिनिटं. वॉल्वजवळच्या पहिल्या घरात १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, शेवटच्या घरात तिलाच १०० सेकंद लागले. बादली जमिनीलगतच्या नळाखाली, मोटर न लावता धरायची, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. हिशेब करा. पहिल्या घराला मिनिटाला ३० लिटर, म्हणजे पाळीला २१०० लिटर. शेवटच्या घराला मिनिटाला ९, म्हणजे ६३०. घरात पाच माणसं आणि दिवस चार. पहिल्या घरात माणशी दिवसाला १०५ लिटर पडतात, शेवटच्या घरात ३१.५.

भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी सरकारी मापदंड माणशी १३५ लिटरांचा आहे. म्हणजे पहिलं घरसुद्धा त्याखालीच आहे. हा शहराचा तुटवडा झाला. तो जलवाहिनी, टाक्या आणि पैशांचा प्रश्न आहे, गल्लीत सुटणार नाही. पण १०५ आणि ३१.५ यांतला फरक उजनीने केलेला नाही. तो त्या दोनशे-तीनशे मीटर पाइपात झालाय, आणि तो शोधता येतो.

तो शोधायला एक बादली पुरत नाही, तीन लागतात. शेवटच्या घरात पाणी सुटल्यावर दहा मिनिटांनी एकदा, मध्ये एकदा आणि जाण्याआधी दहा मिनिटं एकदा. शेवटी शेवटी बादली लवकर भरायला लागली, तर वरच्या घरांचे हौद भरले आणि त्यांनी नळ बंद केले म्हणून पाणी खाली पोहोचलं. पाइप ठीक आहे, वेळ कमी पडतोय. इथे "आमच्या गल्लीला वीस मिनिटं वाढवून द्या" ही मागणी योग्य. तिसऱ्या वेळीही १०० सेकंदच लागले, तर वेळ वाढवून फारसा फायदा नाही. वॉल्व अर्धवट उघडतोय, पाइप तुंबलाय, फार बारीक आहे, किंवा कुठेतरी गळती आहे. कोरड्या दिवशी रस्त्यावर न वाळणारा ओला डाग दिसला तर तो आधी कळवा.

आणि मोटारी. नळालाच टिल्लू पंप लावणाऱ्याला चोर म्हणून हाक मारली की तो दार लावून मोटर चालवतो. त्यापेक्षा पुढच्या पाळीला सगळ्यांनी ठरवून पंधरा मिनिटं मोटारी बंद ठेवा आणि शेवटच्या घरात बादली धरा. वेळ १०० वरून ५० सेकंदांवर आली तर सगळ्यांसमोर आली, कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. शिवाय मोटरवाल्याला त्याच्याच फायद्याची गोष्ट सांगा: पाइपात दाब नसताना मोटर ओढायला लागली की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणीही आत येतं, आणि ते आधी त्याच्याच हौदात पडतं. पाळीच्या सुरुवातीचं गढूळ पाणी म्हणूनच थोडा वेळ वाहू द्यायचं. पाच-दहा मिनिटांनीही ते निवळलं नाही किंवा वास आला, तर ते पिऊ नका आणि त्याची तक्रार वेगळी, त्याच दिवशी करा.

एवढं झाल्यावर लिहायचं काय? मी असं लिहीन: "आमच्या गल्लीत ४.१० ते ५.२० पाणी आले. पहिल्या घरात १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, शेवटच्या घरात १००. पाळी संपतानाही वेळ तीच राहिली. मोटारी पंधरा मिनिटं बंद ठेवून पाहिलं, फरक पडला नाही. पुढच्या पाळीला पाणी सुटताना कनिष्ठ अभियंत्यांनी वॉल्व तपासावा, आमच्यातले दोघे हजर राहतील." खाली गल्लीचं नाव, जवळची खूण, तारीख.

यात राग नाही, पण यातून सुटायला जागाही नाही. "चौकशी करतो" असं उत्तर यावर देता येत नाही, कारण निम्मी चौकशी तुम्ही केलेलीच आहे. आता वॉल्व पूर्ण उघडतो की नाही एवढंच सांगावं लागतं. तो पूर्ण उघडत असेल तर त्याच माणसाला पुढचं विचारा: ही लाइन किती इंची आहे, आणि टाकली तेव्हा तिच्यावर किती नळजोड होते? घरं वाढत गेली आणि लाइन जुनीच राहिली असेल, तर वॉल्ववर कितीही वाद घाला, काम वेगळ्या अंदाजपत्रकाचं आहे आणि अर्जही वेगळा लागेल. तो नगरसेवकांकडे आणि विभागीय कार्यालयात एकाच मजकुराने, तीन पाळ्यांच्या नोंदी जोडून द्या.