चादरीवरचे मोर आणि दोन क्षितिजं

[दृश्य : मोबाइलवरचा फोटो. लाकडी बाकावर पसरलेली चादर, मागे तलाव आणि मंदिर.]

सोलापुरी चादरीची ही जाहिरात. विक्रेत्याचं नाव आम्ही झाकलंय. मागे सिद्धेश्वराचं मंदिर, डाव्या हाताला घाटाच्या पायऱ्या, पुढे लाल-पांढरी चादर, तिच्यावर मोरांच्या रांगा. घाईत पाहिलं तर खोट काढायला जागा नाही. पण हा फोटो खरा आहे की एआयने बनवलेला? जरा मोठा करून पाहू.

[दृश्य : फोटो मोठा होतो. मोरांची एक रांग.]

सुरुवात मोरांपासून. पहिल्या मोराच्या तुऱ्यात तीन टोकं आहेत, दुसऱ्याच्या तुऱ्यात चार. तिसऱ्याचा पाय काठात विरघळलाय. चौथ्याची चोच कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते, ते शोधूनही सापडत नाही.

बनावट चित्रात तोच तो पोत पुन्हा पुन्हा येतो, असं आपण ऐकलेलं असतं. इथे मात्र उलटं झालंय. जे तंतोतंत पुन्हा यायला हवं, तेच येत नाहीये.

[दृश्य : यंत्रमाग. वर जकार्ड, फिरणारी पत्त्यांची माळ.]

हे कळायला मागावर यावं लागतं. वर जे फिरतंय ते जकार्ड. भोकं पाडलेल्या पत्त्यांची ही माळ. कोणते ताण्याचे, म्हणजे लांबीचे, धागे वर उचलायचे, हे पत्ता ठरवतो आणि मग त्यांच्याखालून बाण्याचा आडवा धागा जातो. माळ संपली की पुन्हा पहिला पत्ता येतो आणि नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे एका रांगेतला प्रत्येक मोर तेवढ्याच धाग्यांचा असतो.

माग चुकत नाही असं नाही. पण त्याच्या चुकीलाही शिस्त असते. पत्त्यात एक भोक चुकीचं पडलं, तर ती चूक माळेच्या प्रत्येक फेरीत नक्षीच्या त्याच जागी उमटते. ताण्याचा धागा तुटला, तर दोष लांबीच्या दिशेने सरळ उतरतो. एका मोराचा तुरा बिघडला आणि शेजारच्या मोराचा पाय गेला, असं मागावर होत नाही. चित्र बनवणाऱ्या एआय प्रणालीला धागे माहीतच नसतात. ‘मोरासारखं काहीतरी’ ती प्रत्येक वेळी नव्याने रंगवते.

चादर खरी असली तरी ती सुरकुततेच, घडीवर मोर वाकडा दिसतोच. म्हणून तुलना करायची ती सपाट भागातल्या दोन मोरांची. तीही मूळ फोटोवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत बारीक रेषा आधीच पुसट झालेल्या असतात.

[दृश्य : फोटोतलं पाणी आणि काठावरची झाडं.]

पाण्याला उलटा नियम लावायचा. लाटांना, पानांना, दगडांना पत्त्यांची माळ नाही. इथे काठावरच्या दोन झाडांचे शेंडे पाहा. तीच फांदी, तोच खळगा, तीच सावली. निसर्गात अशी जुळी झाडं मिळत नाहीत.

[दृश्य : फोटोवर पिवळ्या आणि निळ्या रेषा.]

आता पट्टी घेऊ. बाकाच्या दोन लांब कडा प्रत्यक्षात समांतर आहेत. फोटोत त्या दूर जाताना जवळ येतात आणि वाढवल्या की एका बिंदूत मिळतात. आडव्या समांतर रेषांचा हा बिंदू नेहमी क्षितिजरेषेवर असतो आणि क्षितिजरेषा असते कॅमेऱ्याच्या उंचीवर. पिवळ्या रेषा म्हणजे बाकाच्या कडा. त्या मिळतात मंदिराच्या शिखराच्याही वर. निळ्या रेषा घाटाच्या पायऱ्यांच्या. त्या मिळतात पलीकडच्या काठाजवळ.

म्हणजे बाकाचं ऐकलं तर कॅमेरा शिखरापेक्षा उंच आहे. मग शिखर वरून दिसायला हवं होतं. ते दिसतंय खालून, पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसाला दिसावं तसं. एकच कॅमेरा दोन उंचींवर असू शकत नाही.

आणखी एक जागा. पाण्याची पलीकडची कड चादरीच्या मागे जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते ती बोटभर वरून.

[दृश्य : दुकान. खऱ्या चादरीचा कोपरा उलटला जातो.]

मात्र रेषा जुळल्या नाहीत म्हणजे सगळंच बनावट, असं म्हणता येत नाही. दुकानात काढलेली खरी चादर कापून तलावाच्या फोटोवर चिकटवली, तरी क्षितिजं दोनच होतात. वाइड लेन्स कडेच्या रेषा वाकवते, तेव्हा पट्टी लावायची ती मधल्या भागात. आणि नव्या प्रणालींची चित्रं या चाचण्यांतून कधीकधी सुटतातही.

आपल्या या जाहिरातीत मात्र रेषाही जुळत नाहीत आणि मोरही. पार्श्वभूमी नुसती चिकटवलेली असती, तर मोर सारखे निघाले असते. ते निघाले नाहीत, म्हणजे कापडच कुणी विणलेलं नाही.

ग्राहकाने मागायचा तो दुसरा फोटो : त्याच चादरीचा, कोपरा उलटून. दुहेरी विणीच्या जकार्ड चादरीत मागच्या बाजूला तोच मोर असतो, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. लालावर पांढरा असेल, तर मागे पांढऱ्यावर लाल.